आज घराशी बोलतो



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायावर आहे. ज्ञान कशाला म्हणायचं हे सांगताना भगवंत एकेक लक्षण मोजत जातात आणि नवव्या श्लोकात घरापर्यंत येतात. मुलं, बायको, घर यांत आसक्ती नसणं आणि ‘अनभिष्वंग’ असणं, हेही ज्ञान. अभिष्वंग म्हणजे नुसतं प्रेम नव्हे. समोरच्यात इतकं मिसळून जाणं, की त्याचं बरं झालं की माझं बरं झालं आणि ते गेलं की मीच गेलो.

हा श्लोक मी कितीदा वाचलाय. दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर त्यावर लिहिलंही होतं, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आरामात बसून. मागच्या आठवड्यात मात्र आमचं गावचं घर विकलं गेलं आणि तेव्हा काय लिहिलं होतं ते वाचायचीसुद्धा लाज वाटली. म्हणून आज तुमच्याशी नाही, त्या घराशी बोलतो. तुम्ही शेजारी बसून ऐका.

---

घरा,

कुडाळ तालुक्यातल्या त्या उतारावर तू १९६८ साली उभं राहिलंस. आजोबा मुंबईत गिरणीत होते. पगारातून पैसे साठवून गावी पाठवायचे. चिरे खाणीतून आले, वर मंगलोरी कौलं चढली. पुढे खळं, मग पडवी, आत माजघर, त्याच्या कडेला देवखोली आणि मागे काळंकुट्ट स्वयंपाकघर. मे महिन्यात मुंबईहून आलो की सगळ्यात आधी मी मागच्या दाराने त्या काळ्या खोलीत शिरायचो. आजीच्या साडीला धुराचा वास यायचा. अजून कुठे शेकोटी पेटली की मला तूच आठवतंस.

आजी गेली आणि तुला कुलूप लागलं. सहा वर्षं झाली. ‘विकायचं नाही, आपल्या आठवणी आहेत’ असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारा मीच होतो. गणपतीला पाच दिवस यायचं, झाडलोट करायची, फोटो काढायचे, परत जायचं. ‘माझं घर’ म्हणून ते फोटो टाकायचे. लोक बदाम पाठवायचे.

या मार्चमध्ये सुताराला बोलावलं. त्याने बांबूची काठी घेतली आणि माजघरातल्या वाशांवर एकेक ठोका मारत फिरला. पडवीचे वासे ‘ठक’ वाजले. देवखोलीवरचे ‘भद’ वाजले, आत काहीच नसल्यासारखे. भिंतीवर जमिनीपासून वाशापर्यंत मातीची एक बारीक रेघ गेली होती. मी ती गणपतीत पाहिली होती आणि हाताने पुसून टाकली होती. ती वाळवीची वाट होती. पुसल्याने वाळवी जात नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

सुतार म्हणाला, ‘‘भाऊ, घराक मानूस लागता. कुलूप लावल्यार घर मरता.’’

मला ते बोलणं भावनेचं वाटलं. त्याने मग समजावून सांगितलं. चूल पेटती असली की धूर वर जातो, वाशांवर काजळी धरते, लाकूड कोरडं राहतं आणि किडा सहसा लागत नाही. म्हणून तुझ्या स्वयंपाकघराचे वासे, सगळ्यात काळे आणि सगळ्यात कळकट, ते अजून लोखंडासारखे होते. दुसरं म्हणजे कौलं. पावसाआधी दर मे महिन्यात कोणीतरी वर चढून ती काढायची, पुसायची, फुटकी बदलायची आणि परत लावायची. माकडं उड्या मारतात, कौल सरकतं. एक कौल सरकलं की पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडतं. चिऱ्यांच्या मधली माती धुपते, भिंत आतून पोकळ होते, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत राहतं. घरात माणूस असला तर पहिल्याच सरीला थेंब अंगावर पडतो, तो शिव्या देत उठतो आणि कौल सरळ करतो. माणूस नसला तर तो थेंब चार महिने पडत राहतो.

आजी हे एका वाक्यात सांगायची. ‘‘चूल पेटती रवली तर घर रवता.’’ मला ती म्हण वाटायची. ती म्हण नव्हती, सूचना होती.

घरा, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुला मी जपलं नव्हतं. मी तुझी आठवण जपली होती आणि त्यासाठी तुला बंद ठेवलं होतं. तू आहे तसं राहावंस, मी येईन तेव्हा मला माझं बालपण परत द्यावंस, एवढीच माझी अपेक्षा. तुझ्या वाशांचं काय होतंय ते बघायला मला सवड नव्हती. ज्याला मी इतकी वर्षं प्रेम म्हणत होतो तो अभिष्वंग होता. त्यात सगळं ‘मी’च होतो. तू कुठे होतंस?

---

मग विकायचं ठरलं. आणि विकताना कागद बाहेर आले.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं. ते १९९१ साली गेले, पण वारस नोंद कोणी केलीच नव्हती. बाबांनी आता तलाठ्याकडे अर्ज दिला. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस, कोणाची हरकत नाही म्हटल्यावर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. काही आठवड्यांनी नवीन उतारा आला. त्यावर तीन नावं होती. बाबा, काका आणि आत्या.

आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते तुला माहीत आहे. आत्याकडून हक्कसोडपत्र घेतात. बहीण निबंधक कार्यालयात येते, अंगठा लावते, फोटो काढते, भावांच्या नावे हक्क सोडते. भाऊ तिला साडी नेसवतात आणि सगळे म्हणतात, माहेर तुटलं नाही, बरं झालं. काकांनी वकिलाकडून मसुदा करूनही आणला होता.

आत्या सावंतवाडीहून आली. कागद वाचायला तिने चष्मा लावला. मसुदा बाजूला ठेवला आणि आधी तो उतारा हातात घेतला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘‘माजा नाव हंयसर आसा?’’

तिला माहीतच नव्हतं. अडुसष्ट वर्षांची बाई. याच ओसरीवर तिच्या लग्नाचा मांडव पडला होता. आजीच्या शेवटच्या सात महिन्यांत तिनेच येऊन तिचं सगळं केलं. आम्ही मुंबईहून फोन करून ‘आई कशी आहे’ विचारायचो. आणि ही इतकी वर्षं या घरात पाहुणी म्हणून येत होती, येताना खाऊ आणत होती, जाताना ‘येऊ ना परत?’ असं विचारत होती.

खरं सांगतो घरा, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते. हिशोब. आजोबांनी घर स्वतःच्या कमाईतून बांधलं आणि मृत्युपत्र केलं नाही. म्हणजे १९५६ च्या कायद्याप्रमाणे आजी आणि तीन मुलं, चौघांना सारखा पाव हिस्सा. आजी गेल्यावर तिचा पाव हिस्सा पुन्हा तीन मुलांत सारखा. म्हणजे शेवटी प्रत्येकाला एक तृतीयांश. आत्याने सही केली तर बाबांना निम्मा. निम्मा आणि एक तृतीयांश यांतल्या फरकात माझ्या गृहकर्जाची साधारण दोन वर्षं जात होती. सकाळी मी गीता वाचली होती आणि दुपारी हा आकडा माझ्या डोक्यात बरोबर तयार होता.

आत्या म्हणाली, ‘‘सही करतंय मी. खंय करू?’’

कोणी काही बोललं नाही. गप्प राहणं किती सोपं होतं सांगू? ती स्वखुशीने देतेय, आपण कशाला मध्ये पडा. ही तर तिची अनासक्ती. वा!

पण दुसऱ्याच्या अनासक्तीवर आपला फायदा उभा करायचा, आणि वर तिचं कौतुक करायचं, हा कुठला धर्म? आपल्याकडे गंमत बघा. घरावरची माया सोडायची शिकवण सगळ्यांना आहे, पण सोडायची वेळ आली की ती बहिणीवर येते. तिचं सोडणं गृहीतच धरलेलं असतं. हक्क आहे हे ज्याला माहीत आहे त्याने तो सोडला तर तो त्याग. ज्याला कधी सांगितलंच नाही त्याच्याकडून सही घेतली तर त्याला त्याग म्हणता येत नाही. कायद्यानेसुद्धा हे कळायला वेळ घेतला. मुलीला वारसा १९५६ पासून होता, पण राहत्या घराची वाटणी ती स्वतः मागू शकत नसे, भावांनी वाटणी करायची ठरवेपर्यंत थांबावं लागे. ते कलम २००५ मध्ये काढलं गेलं.

मी बाबांकडे बघितलं. बाबा आढ्याकडे बघत होते. मग मी म्हटलं, ‘‘आत्या, सही करायच्या आधी तुला किती मिळतंय ते तरी ऐक.’’ आणि तो एक तृतीयांशाचा हिशोब मोठ्याने सांगितला. आवाज कापत होता. काका उठून खळ्यात गेले. बाबांनी दोन मिनिटांनी मसुद्याचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. ‘‘तीन चेक होतील,’’ एवढंच म्हणाले.

आत्या रडली नाही. उठली, आत गेली, देवखोलीच्या उंबरठ्यावर बसली. नंतर मला म्हणाली, ‘‘पैशाचा नाय रे. बापाशीन माका पन दिल्यान हुता, ता आज कळला.’’

घरा, तुझ्या साठ वर्षांतलं एक कर्ज त्या दुपारी फिटलं. मी काही मोठेपणा केला नाही. तिचं होतं ते तिला सांगितलं. पण तेवढं सांगायलाही मला किती जोर लावावा लागला, त्यावरून माझी आसक्ती किती वजनाची आहे ते समजलं. आसक्ती मोजायचा काटा मला सापडला तो असा. किती रडू येतं यावरून ती कळत नाही. हातातून काय सोडवत नाही, यावरून कळते.

---

घेणारा माणूस पलीकडच्या वाडीतला. गवंडी आहे. बायको, दोन मुलं, म्हातारी आई, सगळे दोन खोल्यांत भाड्याने राहतात. तो तुझी कौलं उतरवून स्लॅब घालणार आहे, हे त्याने आधीच सांगितलं. मला ते टोचलं. खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा रागही आला.

तो जागा बघायला आला तेव्हा विहिरीशी थांबला. विचारलं, ‘‘विहिरीक मे म्हयन्यात पानी रवता काय?’’

काका दुसरीकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘‘नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात तळ दिसतो. पाऊस लागेपर्यंत महिनाभर बाहेरून आणावं लागतं. आणि देवखोलीचे वासे गेलेत, वरची भिंतही बघून घ्या.’’

तो हसला. ‘‘म्हायती आसा माका. तुमी सांगतास की नाय, ताच बघूचा होता.’’

अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट लपवायची का, यावर आमच्या घरात आदल्या रात्री तासभर चर्चा झाली होती!

---

आणि मग तो शेवटचा दिवस.

देव आधी काकांकडे कुडाळला गेले. पुढच्या भाद्रपदात गणपतीही तिथेच बसेल. माटवीच्या चार लाकडी पट्ट्या आत्याने स्वतः पुसून बांधल्या. जमिनीतला वास्तुपुरुष मात्र तिथेच राहिला. आमचे भटजी म्हणाले, तो घराचा आहे, तुमचा नाही, त्याला हलवू नका. हे ऐकून मी जरा थबकलो. इतकी वर्षं आम्ही त्याला ‘आमचा’ समजत होतो.

आजी एक गोष्ट नेहमी सांगायची. घरात वाईट बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते. लहानपणी मी भांडताना काही वाकडं बोललो की ती पटकन माझ्या तोंडावर हात ठेवायची. तू ऐकत असशील, आणि हो म्हणशील, याची तिला खात्री होती. साठ वर्षं तू आमच्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणत आलंस. आजोबांच्या ‘पोरं शिकूदेत’ला, आत्याच्या सासरी जातानाच्या हुंदक्याला, माझ्या ‘मला मुंबईतच राहायचंय’लासुद्धा.

काकांनी खळ्यात तुळशीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. मंडळी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. वडीलधारा माणूस देवाला हाक मारून सगळं मोठ्याने सांगतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात.

‘‘बा देवा म्हाराजा! आज ह्या घरातसून आमी भायर पडतव. चुकला माकला आसात तर पदरात घे.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आम्ही सगळे.

‘‘आणि आतां जो कोन ह्या घरात दिवो लायत, तेका, तेच्या पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा!’’

सगळे म्हणाले. माझा आवाज फुटला नाही.

मला वाटलं होतं, सही केली, हिस्सा दिला, विहिरीचं खरं सांगितलं, म्हणजे सगळं सोडून झालं. पण ते दोन शब्द अडकले होते. तो गवंडी त्याच्या मुलाला घेऊन कडेला उभा होता. मुलगा असेल सहा-सात वर्षांचा. माझ्या पेरूच्या झाडाकडे बघत होता. ‘माझ्या.’ बघ, अजून तोंडात तेच येतं.

ज्ञानेश्वरीत माउली याच श्लोकाशी वाटसरूचा दृष्टांत देतात. वाटेने जाताना झाडाची सावली मिळावी, घरावर तेवढीही आस्था नसावी. मला तो दृष्टांत नेहमी कोरडा वाटायचा. ज्या घरात मी चालायला शिकलो ती काय नुसती वाटेवरची सावली? त्या दिवशी खळ्यात उभा असताना दुसरी बाजू दिसली. उन्हातून आलेल्या माणसाला सावलीची किंमत काय असते ते त्याला विचारा. तो तिच्यावर प्रेम करतो, पण तिच्याभोवती कुंपण घालत नाही. उठताना मागून येणारा कोणी दिसला तर जरा सरकून त्याला जागा करून देतो. सावली थोडीच आहे म्हणून माउलींनी तिला कमी लेखलं नाही. ती कोणाची नाही, एवढंच सांगितलं.

मग मी म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, उशिरा, एकट्यानेच. ‘‘व्हय म्हाराजा.’’ काकांनी वळून बघितलं. तो मुलगा हसला, त्याला वाटलं मी चुकलो.

घरा, मी रडलो नाही असं नाही. कुडाळ स्टेशनपर्यंत रडत आलो. पण आता माझं म्हणणं आहे की रडणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भगवंतांनी रडू नको असं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. अडवू नको, एवढं नक्की म्हटलंय.

त्यांची चूल पेटू दे. गॅसची असली तरी चालेल, स्लॅबला वाळवी लागत नाही म्हणे. त्यांच्या घरात कोणी वाईट बोललं तर तू जरा कानाडोळा कर. चांगलं बोलले की मात्र लगेच तथास्तु म्हण. आणि त्या मुलाला पेरू लागले की पहिला तोच खाईल, बरं का. पहिला मी खायचो.

येतो म्हणणार नाही. आजी म्हणायला लावायची, ‘जातो’ म्हणू नये म्हणून. पण आज खरंच जातो.

---

मंडळी, तुमच्यापैकी कोणाचं गावचं घर बंद असेल तर आजच्या चिंतनासोबत दोन कामं देतो. या मे महिन्यात जाऊन वाशांवर काठीने ठोका मारून ऐका. आणि सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. आत्याचं नाव असेल तर तिला फोन करून सांगा.

उद्या पुढचा श्लोक.

राम कृष्ण हरी.